अडतीस विरुद्ध शून्य

‘मेलबर्नला महूच्या शंकर लक्ष्मण यांनी एकही गोल होऊ दिला नाही.’ भारतीय हॉकी संघाच्या या गोलरक्षकाबद्दलचं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधलं हे वाक्य इंदूरच्या मराठी घरांतून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. महू इथून जेमतेम २३ किलोमीटर. लक्ष्मण सैन्यात भरती झाले ते बँडपथकात आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. त्यामुळे रामबागेतल्या आजोबांना ते दुहेरी आपले वाटायचे, गावानं आणि पलटणीनंही. यंदा आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत माळव्यातल्या खेळाडूंवर काही पानं करायची ठरली आणि लक्ष्मण यांच्यावरचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. लिहिणारे काका ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी लक्ष्मण यांना मैदानात उभं पाहिलेलं आहे आणि त्यांच्या मजकुरात ते पाहणं जाणवतं. पण त्यात चार दावे होते, आणि चारही दावे स्मरणिकेतून पुढे कुठंकुठं उतरवले जाणार याची मला कल्पना होती. लक्ष्मण तीन ऑलिंपिक खेळले. तिन्हींत सुवर्ण मिळवलं. मेलबर्नला एकही गोल खाल्ला नाही. आणि ते ऑलिंपिक संघाचे कर्णधार होते.

पहिला दावा तपासायला फारसा वेळ लागत नाही. ऑलिंपिकची संयोजन समिती स्पर्धा संपल्यावर एक अधिकृत अहवाल काढते. हे जाडजूड ग्रंथ असतात. मेलबर्नचा १९५८ मध्ये निघाला, टोकियोचा १९६६ मध्ये. लॉस एंजेलिसच्या एलए८४ या संस्थेनं यातले जुने अहवाल स्कॅन करून सगळ्यांना मोकळे ठेवले आहेत, त्यामुळे इंदुरात बसून ते वाचता येतात. प्रत्येक खेळाचं स्वतंत्र प्रकरण असतं, आणि सांघिक खेळात गटवार सामने, मग बाद फेरी, मग अंतिम क्रम, असा निकाल लावलेला असतो. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो: भारताचा संघ तिन्हीकडे आहे आणि लक्ष्मण तिन्ही संघांत आहेत. दावा खरा.

दुसरा दावा तिथंच गळतो. मेलबर्नला सुवर्ण, टोकियोला सुवर्ण, पण मधल्या रोमला रौप्य. ९ सप्टेंबर १९६० च्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं भारताला १-० असं हरवलं. गोल नसीर अहमद यांचा. १९२८ पासून भारत ऑलिंपिकमध्ये हॉकीचा एकही सामना हरला नव्हता, म्हणून ती हार त्या पिढीच्या जिव्हारी लागली. काकांच्या मजकुरात ती नव्हती. मी फोनवर विचारलं तर ते थोडं थांबले आणि म्हणाले, “ताई, ते साल आम्ही कधी मोजलंच नाही.” त्यांना माहीत होतं. तीन अंतिम सामने म्हटलं की त्यांच्या मनात दोनच उभे राहत होते. मी त्यांना विचारून रौप्य लिहिलं, आणि मला वाटतं त्यानं लक्ष्मण यांची उंची वाढतेच. तीन ऑलिंपिक अंतिम सामने, तिन्ही पाकिस्तानविरुद्ध, निकाल १-०, ०-१, १-०. एवढ्या सगळ्यात मिळून भारतावर एक गोल. ही ओळ तिन्ही अहवालांवर ताडून पाहता येते आणि तिला विशेषणाची गरज पडत नाही.

खरं काम तिसऱ्या दाव्यावर होतं.

मेलबर्नच्या गटात भारताबरोबर सिंगापूर, अफगाणिस्तान आणि अमेरिका होते. निकाल असे: अफगाणिस्तानवर १४-०, अमेरिकेवर १६-०, सिंगापूरवर ६-०. उपांत्य सामन्यात जर्मनीवर १-०, अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-०. बेरीज करा. चौदा आणि सोळा तीस, सहा छत्तीस, मग एक आणि एक. अडतीस विरुद्ध शून्य. ही बेरीज मी मुद्दाम कागदावर करते, कारण ‘३८ गोल’ हा आकडा कुठंतरी तयार मिळतो आणि तयार आकडा उचलला की तो पाच सामन्यांचा आहे की गटातल्या तीन सामन्यांचा, हे कळत नाही. सामने एकेक करून मांडले की आकड्यामागे काय आहे ते दिसतं. इथं आणखी एक गोष्ट दिसते. छत्तीस गोल पहिल्या तीन सामन्यांत आहेत आणि शेवटच्या दोन सामन्यांत मिळून फक्त दोन. गोलरक्षकाची कसोटी त्या दोन सामन्यांत होती. समोर जर्मनी आणि पाकिस्तान असताना एक गोलाची आघाडी सांभाळायची, तेही एका चुकीनं सुवर्ण जाऊ शकतं अशा वेळी.

तर संघानं एकही गोल खाल्ला नाही, हे पक्कं. पण काकांचं वाक्य संघाबद्दल नव्हतं, माणसाबद्दल होतं. तिथून तपास बदलतो. निकालाचा तक्ता सांगतो की भारतावर गोल झाला नाही. गोलपोस्टमध्ये कोण उभं होतं, ते तो तक्ता सांगत नाही. आणि मेलबर्नच्या भारतीय संघात गोलरक्षक एकच नव्हता. रंगनाथन फ्रान्सिस होते, १९४८ च्या लंडनपासूनचे. लंडन, हेलसिंकी आणि मेलबर्न अशा तिन्ही सुवर्ण संघांत त्यांचं नाव आहे. गटातला सामना १६-० होणार असेल तर कुठलाही संघ-व्यवस्थापक दुसऱ्या गोलरक्षकाला उतरवण्याचा विचार करणारच. म्हणजे पाच सामन्यांतलं शून्य हे दोन माणसांचं मिळून असू शकतं. ते सगळं एकाच्या नावावर लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातून काढून घेणं. मद्रासमध्ये कुणीतरी फ्रान्सिस यांच्यावर असाच लेख लिहीत असेल आणि त्यांचं शून्य त्यांना हवंच असेल.

संघात असणं आणि सामन्यात असणं यात किती अंतर पडू शकतं याचं उदाहरण त्याच संघात आहे. कर्णधार बलबीर सिंग यांनी अफगाणिस्तानविरुद्ध पाच गोल केले आणि त्याच सामन्यात त्यांचं बोट मोडलं. गटातले उरलेले सामने ते खेळलेच नाहीत. थेट उपांत्य सामन्याला परतले. संघयादीत ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कर्णधार आहेत, आणि मधल्या सामन्यांत मैदानावर रणधीर सिंग जेंटल कर्णधारपद सांभाळत होते. कुणी ‘१९५६ चा भारतीय कर्णधार’ एवढ्यावरून अमेरिकेविरुद्धच्या सोळा गोलांत बलबीर यांचा वाटा लिहिला तर तो सपशेल चुकेल. आणि तसं लिहिलेलं सापडतंही.

म्हणून प्रत्येक सामन्याचे अकरा खेळाडू हवेत. अधिकृत अहवालात काही खेळांना ते मिळतात, काहींना मिळत नाहीत. जिथं मिळत नाहीत तिथं त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांकडे जावं लागतं. मेलबर्नच्या बाबतीत हे सोपं आहे. त्या शहराचं ‘आर्गस’ नावाचं जुनं दैनिक जानेवारी १९५७ मध्ये कायमचं बंद पडलं, म्हणजे ऑलिंपिक संपल्यावर साधारण सहा आठवड्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ‘ट्रोव्ह’वर त्याचे शेवटपर्यंतचे अंक ठेवले आहेत, त्यामुळे ऑलिंपिकचे दिवस त्यात सापडतात. यजमान शहराचं दैनिक असल्यानं स्पर्धेच्या काळात त्यात खेळाची पानंच्या पानं भरलेली असतात.

त्यात शोधताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, महिना. मेलबर्न दक्षिण गोलार्धात, तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात, म्हणून हे ऑलिंपिक २२ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर १९५६ असं झालं. घोडेस्वारी मात्र प्राण्यांच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे जूनमध्येच स्टॉकहोमला उरकली होती. ज्यांना ‘ऑलिंपिक म्हणजे ऑगस्ट’ अशी सवय असते ते चुकीच्या महिन्यांचे अंक चाळत बसतात. दुसरी, नाव. स्कॅन केलेल्या पानाचा मजकूर संगणक आपोआप वाचतो आणि जुन्या शाईतली अक्षरं तो हवी तशी वाचतो. लक्ष्मण यांचं नाव `Laxman`, `Lakshman`, कधी आडनाव आणि नाव उलटं करून `Laxman, Shankar` असं येतं. जेंटल यांचं नाव टाकून शोधू नये, कारण `Gentle` हा इंग्रजीतला रोजचा शब्द आहे आणि हवामानापासून साबणाच्या जाहिरातींपर्यंत सगळं समोर येतं. `Udham` टाका. संघातले उधम सिंग यांचं नाव त्या दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या बातमीत येण्याची शक्यता फारशी नाही, आणि ते आलं की त्या बातमीत उरलेले दहा जण जवळपास असतातच. मग शोधपेटी सोडायची आणि पानाची प्रतिमा डोळ्यांनी वाचायची. संगणकानं वाचलेल्या मजकुरावर विसंबून नाव उतरवायचं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि इथंच भले भले फसतात. सामन्याच्या दिवशी सकाळच्या अंकात छापलेला संघ हा जाहीर झालेला संघ असतो. तो आदल्या संध्याकाळी वार्ताहराला सांगितला गेलेला असतो. मधल्या वेळात कुणाचा गुडघा सुजतो, कुणाला विश्रांती दिली जाते. खेळलेला संघ दुसऱ्या दिवशीच्या अंकात असतो, वर्णनाच्या शेवटी बारीक अक्षरात. दोन्ही याद्या सारख्या दिसतात, दोन्ही त्याच काळातल्या, दोन्ही छापील. पण एकीनं पुढे काय होणार ते सांगितलेलं आहे आणि दुसरीनं काय झालं ते. पुरावा फक्त दुसरीचा. वर्णनातच ‘लक्ष्मणनं झेप घेऊन चेंडू अडवला’ असं काही आलं तर ते यादीपेक्षाही बळकट, कारण ते पाहून लिहिलेलं असतं.

तारखेचा घोळही इथूनच होतो. अंतिम सामना ६ डिसेंबर १९५६ रोजी, गुरुवारी झाला. बातमी ७ डिसेंबरच्या अंकांत आली. ज्यांनी कात्रण जपलं त्यांच्या कात्रणावर वरती ७ आहे, म्हणून घरच्या वहीत सामनाही ७ तारखेचा होतो. बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख असते, ‘मेलबर्न, डिसें. ६’ अशी. ती वाचायची. काकांच्या मजकुरात ७ होती. टोकियोचंही तसंच: सामना २३ ऑक्टोबर १९६४ चा, बातमी २४ ची.

मग काका म्हणाले, “पण माझ्याकडे एक नाही, चार वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, ती सगळी खोटी का?” खोटी नाहीतच. मी ती बघायला त्यांच्याकडे गेले. पिवळी पडलेली, खळ लावून वहीत चिकटवलेली, काठ फाटू नयेत म्हणून वर ट्रेसिंग पेपर लावलेला. इतकी निगा मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. चारही कात्रणं शेजारी ठेवून वाचली तर पहिली तीन वाक्यं जवळजवळ अक्षरशः सारखी निघाली. एकाच वृत्तसंस्थेची तार, चार दैनिकांनी आपापल्या परीनं कापून छापलेली. अशी चार कात्रणं म्हणजे एकच साक्षीदार. तारेत चूक असेल तर ती चारही ठिकाणी असणार, आणि चारही ठिकाणी आहे म्हणून ती आपल्याला खरी वाटणार. स्वतंत्र साक्ष हवी असेल तर ज्याचा वार्ताहर स्वतः मैदानावर होता असं वर्तमानपत्र पाहिजे, म्हणजे यजमान शहराचं दैनिक, नाहीतर प्रतिस्पर्धी देशाचं. गोलरक्षकाबद्दल तर प्रतिस्पर्ध्याचं वर्तमानपत्र फार मोलाचं, कारण आपले गोल का झाले नाहीत ते त्यांना सांगायचंच असतं.

देशांच्या नावांचीही एक गंमत आहे. उपांत्य सामन्यातला प्रतिस्पर्धी कुठं ‘जर्मनी’, कुठं ‘पश्चिम जर्मनी’ असा लिहिलेला सापडतो. १९५६, १९६० आणि १९६४ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनीचा मिळून एकच संघ उतरत होता, म्हणून अधिकृत नोंदीत ‘जर्मनी’ आहे. हे माहीत नसेल तर माणूस दोन वेगळे सामने समजून बसतो, आणि मग पाच सामन्यांचे सहा होतात.

हे सगळं केल्यावर तिसरं वाक्य कसं लिहायचं? मी काकांशी बोलून ते दोन वाक्यांत फोडलं. ‘मेलबर्नला भारतानं पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. जर्मनी आणि पाकिस्तानसमोर एका गोलाची आघाडी टिकवावी लागली, आणि पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोलपोस्टमध्ये लक्ष्मण होते.’ पहिलं वाक्य संघाचं आहे आणि निकालाच्या तक्त्यावर उभं आहे. दुसरं माणसाचं आहे, त्याच्या सामन्यापुरतं. गटातल्या तीन सामन्यांचं श्रेय त्यात एकट्याला दिलेलं नाही, आणि फ्रान्सिस यांचं नाव संघयादीत शेजारी छापलं आहे. काकांना आधी वाटलं की यानं धार गेली. मग त्यांनीच पुन्हा वाचून सांगितलं की शेवटचे दोन सामने असे समोर आले तर गोलरक्षकाचं काम जास्त दिसतं. मलाही तसंच वाटतं. अफगाणिस्तानविरुद्धच्या चौदा गोलांत भारतीय गोलरक्षकाला करायला होतंच काय?

हीच पद्धत पुढच्या दोन ऑलिंपिकला लावली तेव्हा चित्र आणखी नीट झालं. रोमला भारत सहा सामने खेळला: डेन्मार्क १०-०, हॉलंड ४-१, न्यूझीलंड ३-०, ऑस्ट्रेलिया १-०, ब्रिटन १-०, आणि पाकिस्तान ०-१. भारतावर गोल झाले दोन. टोकियोला नऊ सामने. बेल्जियम २-०, जर्मनी १-१, स्पेन १-१, हाँगकाँग ६-०, मलेशिया ३-१, कॅनडा ३-०, हॉलंड २-१, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलिया ३-१, अंतिम सामन्यात पाकिस्तान १-०. भारतावर गोल पाच. टोकियोच्या आकड्यांची एक पडताळणी फुकटात मिळते. त्या वेळी विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक. गटातल्या सात सामन्यांत पाच विजय, दोन बरोबरी, म्हणजे बारा गुण व्हायला हवेत, आणि गुणतक्त्यात भारतापुढे बाराच आहेत. तुम्ही उतरवलेला एखादा निकाल उलटा पडला असेल तर इथं लगेच कळतं. तो नुसता एखाद्या गोलानं चुकला असेल तर गुण जमतात पण गोलांची बेरीज फसते, म्हणून दोन्ही रकाने पाहायचे.

तीन ऑलिंपिक, वीस सामने, भारतावर सात गोल. हा आकडा संघाचा आहे आणि स्मरणिकेत तसाच, ‘भारतावर’ असं लिहून छापला आहे. १९५६ ते १९६४ या काळात भारताचा बचाव कसा होता, हे त्यातून कुणालाही कळेल. टोकियोचे दोन १-१ मला विशेष महत्त्वाचे वाटतात. रोमपर्यंत भारताला ऑलिंपिकमध्ये बरोबरीसुद्धा माहीत नव्हती. टोकियोला ती गटातच दोनदा झाली, आणि तरीही शेवटच्या दिवशी पाकिस्तानला गोल करता आला नाही. भारताचा गोल मोहिंदर लाल यांचा.

राहिला कर्णधारपदाचा दावा. १९५६ ला कर्णधार बलबीर सिंग, १९६० ला लेस्ली क्लॉडियस, १९६४ ला चरणजित सिंग. लक्ष्मण कर्णधार होते ते १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत, आणि तिथं भारतानं अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असं हरवून सुवर्ण घेतलं. गोलरक्षकानं भारताचं नेतृत्व करणं तेव्हा फार नवलाचं होतं, त्यामुळे लोकांच्या तोंडी ते राहिलं आणि ‘ऑलिंपिक’ हा शब्द पुढे कधीतरी त्याला चिकटला असणार. पण महूबद्दल बोलताना ही गल्लत होण्याला आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. महूचा ऑलिंपिक कर्णधार खरोखरच होऊन गेला आहे. किशन लाल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या संघाचे ते कर्णधार होते, आणि १२ ऑगस्टला वेम्ब्लीवर त्या संघानं ब्रिटनला ४-० असं हरवलं. एकाच छावणीच्या गावातले दोघं, दोघंही हॉकीपटू, दोघंही सुवर्णविजेते. दोघांच्या हकिकती ऐकता ऐकता एका माणसात मिसळल्या असतील. काकांना हे सांगितलं तर त्यांनी वहीची मागची पानं उलटली. तिथं लंडनच्या संघाचं एक कात्रण होतं, खाली पेन्सिलीनं ‘कि. ला. – महू’ असं लिहिलेलं. आता किशन लाल यांना स्मरणिकेत वेगळं पान दिलं आहे, आणि लंडनचे पाचही सामने ऑस्ट्रियापासून ब्रिटनपर्यंत त्याच क्रमानं मांडायला घेतले आहेत.